शुक्राणूंचा प्रवास व त्याविषयीचे लोकसमज

शुक्राणूंचा प्रवास व त्याविषयीचे लोकसमज : मैथुनाच्या वेळी योनिमार्गात पडलेल्या रेतातील शुक्राणू (पुरुष-बीजपेशी) गर्भाशय ग्रीवा व गर्भाशय यांमधून अंडवाहिनीपर्यंत जातात. तेथे बीजांडाशी (स्त्री-बीजपेशीशी) त्यांची गाठ पडली व एका शुक्राणूचा बीजांडात प्रवेश झाला, म्हणजे निषेचन होऊन गर्भधारणेस प्रारंभ होतो. ही सर्व घटना शरीराच्या आत, दृष्टीआड घडते. बाहेरून दिसते ती एकच गोष्ट : मैथुनानंतर स्त्री उठून उभी राहिली की, काही द्रव योनिमार्गातून बाहेर येतो. या एका दृश्यावरून ‘बीज गळून जाते’ अशी कल्पना फार पूर्वीपासून रूढ झाली आणि ते गळू नये म्हणून मैथुनानंतर पाठीवर पडून राहणे, पाय भिंतीला टेकवून वर उचलून धरणे, कमरेखाली उशी घेणे, लघवीस न उठणे इ. उपाय सांगितले जाऊ लागले. याच कल्पनेच्या दुसऱ्या बाजूने गर्भधारणा नको असल्यास ताबडतोब उठावे, उड्या माराव्यात किंवा योनिमार्ग पाण्याने धुवावा, असेही सांगितले जाते. अपत्य न होणाऱ्या स्त्रीला ‘तू लगेच उठतेस म्हणून बीज टिकत नाही’ असा दोष घरातील वडीलधारी माणसे देतात व तो पुष्कळदा ती स्त्री स्वतःही मान्य करते. यामुळे या समजांची शहानिशा करणे केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

इतिहास : स्त्रीच्या शरीराच्या स्थितीचा गर्भधारणेशी संबंध जोडणारे विचार प्राचीन वैद्यकात आढळतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रीने उताणे राहून बीज ग्रहण करावे, पालथे किंवा कुशीवर असताना करू नये, असे सांगितले आहे. त्याची कारणमीमांसा मात्र गुरुत्वाकर्षणाची नसून त्रिदोषांची आहे : पालथ्या स्थितीत वात प्रबळ होऊन योनीस पीडा देतो, उजव्या कुशीवर कफ गर्भाशय झाकतो व डाव्या कुशीवर पित्त बाधक ठरते, असे ते विवेचन आहे. ग्रीक वैद्यकातील हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात एका कलावंतिणीला टाचा पार्श्वभागाला लागतील अशा उड्या मारावयास सांगितल्याची व त्यामुळे तिचे बीज बाहेर पडल्याची हकिकत आली आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील एफेससचे वैद्य सोरेनस यांनी गर्भ नको असल्यास स्त्रीने श्वास रोखावा, उठून उकिडवे बसावे व शिंक काढावी, असे सुचविले आहे. शुक्राणू अस्तित्वात आहेत हेच त्या काळी ठाऊक नव्हते. डच सूक्ष्मदर्शकतज्ञ लेव्हेनहूक यांनी ते पाहून १६७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. तोपर्यंत बीज म्हणजे एक द्रव होता व द्रव खाली वाहतो, हे तर्काला धरूनच होते. आजच्या लोकसमजाचा मूळ दोषही येथेच आहे. रेत हा द्रव आहे, पण गर्भधारणा द्रवाने होत नाही, त्यातील पोहणाऱ्या पेशींनी होते. आणि त्या पेशी द्रवातून बाहेर पडून पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या द्रवाचे काय होते, याला फारसे महत्त्व उरत नाही.

पहिली काही मिनिटे : एका वेळच्या रेताचे आकारमान साधारणतः १·५ ते ५ मिलि. असते व त्यात काही कोटी शुक्राणू असतात. हे रेत योनिमार्गाच्या आतील टोकाशी, गर्भाशय ग्रीवेच्या मुखाजवळ पडते. बाहेर पडताच ते रेताशयातून आलेल्या प्रथिनांमुळे साकळते, म्हणजे दह्याच्या कवडीप्रमाणे घट्टसर होते. पुढे अष्ठीला ग्रंथीतील एंझाइमामुळे ते साधारणपणे १५ ते ३० मिनिटांत पुन्हा पातळ होते. उठल्यावर जो पातळ द्रव बाहेर येतो, तो मुख्यत्वे हाच होय. योनिमार्ग एरवी अम्लधर्मी असतो व ही अम्लता शुक्राणूंना मारक असते. तथापि रेत अल्कधर्मी असल्यामुळे ते पडताच ही अम्लता काही काळ नाहीशी होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात रेडिओ-प्रेषक बसवून मैथुनकाळात केलेल्या मापनात योनिमार्गाचे पीएच मूल्य ४·३ वरून ७·२ पर्यंत जाण्यास अवघे ८ सेकंद लागल्याचे आढळले.

शुक्राणूंना योनिमार्गात रेंगाळण्याचे कारण नसते. सोब्रेरो व मॅक्लाउड यांनी १९६२ मध्ये मैथुनानंतर लगेच ग्रीवेतील श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) तपासला, तेव्हा रेत पडल्यापासून सुमारे दीड ते तीन मिनिटांत त्यात शुक्राणू आढळले. यापुढील निरीक्षण अधिक आश्चर्यकारक आहे. १९७३ मध्ये सेटलेज व त्यांचे सहकारी यांनी ज्यांच्या अंडवाहिन्या शस्त्रक्रियेने काढावयाच्या होत्या, अशा स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी ग्रीवेच्या मुखाशी रेत ठेवले आणि नंतर अंडवाहिन्या तपासल्या. रेत ठेवल्यापासून पाच मिनिटांतच अंडवाहिनीत शुक्राणू पोहोचलेले दिसले.

हा वेग शुक्राणूंच्या स्वतःच्या पोहण्याचा असू शकत नाही, हे साध्या हिशोबाने दिसून येते. चांगला चपळ शुक्राणू सेकंदाला सुमारे २५ ते ५० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = १ मिमी. चा एक हजारावा भाग), म्हणजे मिनिटाला दीड ते तीन मिमी. पुढे जातो. ग्रीवेची लांबी सुमारे ३ सेंमी., गर्भाशयाच्या पोकळीची सुमारे ४ सेंमी. व अंडवाहिनीची सुमारे १० सेंमी. धरली, तर एकूण वाट १७ सेंमी. किंवा १७० मिमी. होते. सरळ रेषेत, कोठेही न थांबता पोहत गेल्यास तिला एक ते दोन तास लागतील. पाच मिनिटांत पोहोचलेले शुक्राणू पोहत गेलेले नसून वाहून नेलेले होते. ते वाहून नेण्याचे काम गर्भाशयाच्या स्नायूंच्या सूक्ष्म आकुंचन लाटा करतात. कुन्ट्स, लायेन्डेकर व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये किरणोत्सर्गी खूण केलेले अल्ब्युमिनाचे सूक्ष्म कण ग्रीवेजवळ ठेवून त्यांचे चित्रण केले. हे कण निर्जीव असल्याने त्यांना पोहण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ते काही मिनिटांत गर्भाशयात चढले आणि अंडमोचन (अंडकोशातून बीजांड सुटणे) जवळ येऊ लागले तसे ज्या बाजूच्या अंडकोशात बीजांड पक्व होत होते, त्याच बाजूच्या अंडवाहिनीकडे अधिक प्रमाणात गेले.

गुरुत्वाकर्षण कितपत आड येते : शुक्राणू मासोळीसारखा पोहतो, असे चित्र आपल्या मनात असते व ते चुकीचे आहे. शुक्राणूच्या डोक्याची लांबी सुमारे ५ मायक्रोमीटर असते. एवढ्या लहान वस्तूच्या दृष्टीने पाणी हे काकवीहूनही दाट असते. तिच्या हालचालीवर चिकटपणाचे राज्य असते. वजन व गती यांचा प्रभाव नगण्य होतो. शेपूट हलविणे थांबले की, शुक्राणू क्षणार्धात जागीच थांबतो, घसरत पुढे जात नाही. मेलेला शुक्राणू पाण्यासारख्या पातळ द्रवात स्वतःच्या वजनाने किती वेगाने बुडेल, याचा स्टोक्स यांच्या नियमावरून अंदाज केला, तर तो सेकंदाला एक मायक्रोमीटरच्या आसपास येतो. पोहण्याचा वेग याच्या कित्येक पटींनी अधिक असल्याने जिवंत शुक्राणूला वर चढणे व खाली उतरणे यांत व्यवहारतः फरक पडत नाही.

याचा पुरावा वंध्यत्व चिकित्सेच्या प्रयोगशाळांतून रोजच पहावयास मिळतो. चपळ शुक्राणू निवडून काढण्याच्या एका रूढ पद्धतीत नळीच्या तळाशी सुमारे १ मिलि. रेत घेऊन त्यावर थोडे अधिक पोषक द्रावण अलगद सोडतात व नळी तिरपी करून ३७° से. तापमानाला तासभर ठेवतात. तासाभराने वरचा द्रव काढून घेतला की, त्यात सुदृढ शुक्राणू मिळतात. मृत, दुबळे व सदोष शुक्राणू तळाशीच राहतात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढून जाणे ही ज्या शुक्राणूंना साधत नाही, ते निषेचनाच्याही फारसे उपयोगी नसतात.

ग्रीवेतील श्लेष्म्यामध्ये शिरलेल्या शुक्राणूंना तर ओघळून येण्याची भीती आणखीच कमी असते. अंडमोचनाच्या आधी स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) हॉर्मोनाच्या प्रभावाने हा श्लेष्मा विपुल, पारदर्शक व अंड्यातील कच्च्या पांढऱ्या बलकासारखा होतो. दोन बोटांत धरून ताणला, तर त्याची तार न तुटता दहा सेंमी. पर्यंतही लांबते. त्यात पाणी ९५ टक्क्यांहून अधिक असले, तरी तो द्रवासारखा वाहत नाही. त्यात तंतूंची जाळी असते व शुक्राणू त्या तंतूंच्या मधल्या वाटांनी पुढे सरकतात. ग्रीवेच्या आतील भिंतीला असंख्य घळ्या असतात. त्यांतही शुक्राणू शिरतात. उभे राहिल्याने, चालण्याने, खोकल्याने हे शुक्राणू खाली येत नाहीत.

उलट प्रवाह : मैथुनानंतर द्रव बाहेर येणे ही विकृती नसून नेहमीची घटना आहे. बेकर व बेलिस यांनी १९९३ मध्ये काही जोडप्यांकडून हा बाहेर आलेला द्रव गोळा करविला. सुमारे ९४ टक्के प्रसंगी तो आला आणि त्यातून सरासरीने ३५ टक्के शुक्राणू परत आले. या संशोधकांनी शुक्राणूंच्या परस्पर युद्धाविषयी काढलेली इतर अनुमाने पुढे टिकली नाहीत. पण उलट प्रवाह सार्वत्रिक आहे, एवढी गोष्ट त्यांच्या मोजणीतून स्पष्ट झाली. एकतृतीयांश शुक्राणू गेले हे ऐकून नुकसान मोठे वाटते. तथापि उरलेल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकीही अंडवाहिनीत कोणत्याही एका वेळी काही शेकडाच सापडतात. बाकीचे ग्रीवेत अडतात, गर्भाशयात पांढऱ्या रक्तपेशींकडून गिळले जातात किंवा दुसऱ्या बाजूच्या अंडवाहिनीत जातात. दहा कोटींतून दोन-तीनशे निवडणारी ही चाळण आहे आणि चाळणीत आरंभी पडलेला ढीग तिसऱ्या हिश्शाने लहान झाला, तरी खाली येणाऱ्या दाण्यांवर त्याचा परिणाम क्वचितच होतो. ज्या पुरुषाच्या रेतात शुक्राणूच फार थोडे असतात, त्याच्या बाबतीत प्रत्येक शुक्राणू मोलाचा असतो हे खरे. परंतु तेथे उपाय रेताच्या तपासणीचा व चिकित्सेचा आहे, पाय उंच धरण्याचा नव्हे.

पाय वर उचलल्याने नेमके काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. उताण्या स्थितीत योनिमार्ग बाहेरून आत जाताना खाली, पाठीच्या दिशेने उतरतो. त्यामुळे ग्रीवेमागील खोलगट जागा ही मुळातच सर्वांत सखल असते व रेताचे तळे तेथे आपोआप साचते. पाय उंच केले म्हणजे मांड्या खुब्यात वाकतात, पण कटी बहुतांशी अंथरुणावरच राहते. म्हणजे ज्या अवयवाला तिरपे करावयाचे तो जागचा फारसा हलतच नाही. कमरेखाली उशी घेतल्यास कटी थोडी तिरपी होते व द्रव बाहेर येण्यास थोडा विलंब लागतो, इतकेच. सुमारे पाचातील एका स्त्रीचे गर्भाशय पुढे न झुकता मागे झुकलेले असते. अशा स्त्रियांना पालथे पडून राहण्याचा सल्ला दिला जातो. परंतु नुसते मागे झुकलेले गर्भाशय हे वंध्यत्वाचे कारण नाही व त्यासाठी वेगळ्या आसनाची गरज नाही.

चाचण्यांचा निर्णय : पडून राहण्याचा उपयोग होतो किंवा नाही, हे ठरविण्यासाठी गर्भाशयांतर्गत वीर्यसेचनाच्या संदर्भात चाचण्या झाल्या आहेत. या पद्धतीत रेतातून धुऊन वेगळे केलेले शुक्राणू बारीक नळीने सरळ गर्भाशयात सोडतात. नेदर्लंड्समधील कस्टर्स व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये ३९१ जोडप्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने जोडप्यांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांना सेचनानंतर १५ मिनिटे पाठीवर झोपविले, दुसऱ्या गटातील स्त्रियांना लगेच उठू दिले. तीन आवर्तनांपर्यंतच्या उपचारात पहिल्या गटात २७ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के जोडप्यांना टिकाऊ गर्भधारणा झाली. या निष्कर्षामुळे पडून राहण्याच्या सल्ल्याला प्रथमच चांगला आधार मिळाल्यासारखे झाले व पुष्कळ चिकित्सालयांत तो पाळला जाऊ लागला.

त्यानंतर नेदर्लंड्समध्येच व्हॅन रायस्वाइक व त्यांचे सहकारी यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९८ जोडपी होती व उपचार सहा आवर्तनांपर्यंत चालविण्यात आला. या वेळी १५ मिनिटे पडून राहिलेल्या गटात ३२ टक्के आणि लगेच उठलेल्या गटात ४० टक्के टिकाऊ गर्भधारणा झाल्या. येथे वरकरणी उठणाऱ्यांचीच सरशी दिसते. परंतु हा फरक यदृच्छेने पडण्याइतपतच होता, त्यामुळे ‘उठणे चांगले’ असाही निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. निष्कर्ष एवढाच की, पडून राहिल्याने लाभ होत नाही. एकाच देशातील, सारख्याच पद्धतीच्या दोन चाचण्यांचे कौल उलटसुलट यावेत, यावरून एकट्या चाचणीवर भिस्त ठेवण्यातील धोका दिसतो. दोहोंपैकी मोठ्या व अधिक काळ चाललेल्या चाचणीला अधिक वजन देणे युक्त आहे.

या चाचण्यांची मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. त्यांत शुक्राणू ग्रीवेच्या पलीकडे सोडलेले असतात, त्यामुळे नैसर्गिक मैथुनाला त्यांचे उत्तर जसेच्या तसे लावता येत नाही. नैसर्गिक मैथुनाबाबतचा निर्णय वर सांगितलेल्या शरीरक्रियेवरून काढावा लागतो व तो त्याच दिशेचा आहे. अमेरिकेतील प्रजनन वैद्यकाच्या संस्थेने नैसर्गिक जननक्षमतेविषयी दिलेल्या मार्गदर्शनातही मैथुनातील आसन किंवा नंतरचे पडून राहणे यांचा गर्भधारणेवर परिणाम होतो, याला पुरावा नसल्याचे म्हटले आहे. एखाद्या स्त्रीला दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहावेसे वाटले, तर त्यात अपाय काहीच नाही. लघवीला उठण्यातही अपाय नाही. मूत्रमार्गाचे छिद्र योनिमार्गाहून वेगळे असल्याने लघवीबरोबर योनिमार्ग धुतला जात नाही. लघवी रोखून धरण्याचा सल्ला मात्र निष्कारण त्रासाचा आहे.

धुण्याने गर्भ टळतो हा समज : वरील सर्व विवेचन उलट बाजूनेही लागू पडते. दीड मिनिटात शुक्राणू ग्रीवेत शिरत असतील, तर त्यानंतर पाणी, साबण किंवा अन्य द्रवाने योनिमार्ग धुऊन ते परत आणता येणार नाहीत. उभ्याने मैथुन केल्यास किंवा नंतर उड्या मारल्यास गर्भ राहत नाही, हा समज तरुणांमध्ये विशेष आढळतो. तो फसवा आहे. योनिमार्ग वारंवार धुण्याने तेथील उपकारक सूक्ष्मजंतूंचा समतोल बिघडून संसर्गाची शक्यता वाढते, हा वेगळा तोटा. ज्या समजामुळे अपत्य हवे असणारी स्त्री व्यर्थ पाय उंच करून पडून राहते, त्याच समजामुळे अपत्य नको असणारी स्त्री नकळत गर्भवती होते. आणि नुकसान दुसरीचे अधिक होते.

शर्यतीची कल्पना : शुक्राणूंची शर्यत लागते व सर्वांत वेगवान शुक्राणू बीजांड जिंकतो, हे वर्णन शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. प्रत्यक्षात नुकतेच बाहेर पडलेले शुक्राणू निषेचन करूच शकत नाहीत. एम्. सी. चांग व सी. आर्. ऑस्टिन यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की, शुक्राणूला स्त्रीच्या जननमार्गात काही तास घालवावे लागतात; त्या काळात त्याच्या पृष्ठावर व शेपटीच्या हालचालीत बदल घडून तो निषेचनक्षम होतो. पाच मिनिटांत अंडवाहिनीत वाहून गेलेले शुक्राणू म्हणूनच आघाडीचे वीर नव्हेत. सशांवरील प्रयोगांत तर असे अगोदर पोहोचलेले शुक्राणू बहुतेक मृत वा जखमी आढळले. गर्भधारणा करणारा शुक्राणू सामान्यतः मागाहून, ग्रीवेतून थोडेथोडे सुटत आलेल्या तुकड्यांपैकी असतो. अंडवाहिनीच्या अरुंद भागात तो भिंतीला चिकटून वाट पाहतो व बीजांड सुटण्याच्या सुमारास तेथून मोकळा होतो. अनुकूल श्लेष्मा असताना शुक्राणू स्त्रीच्या शरीरात सुमारे पाच दिवस कार्यक्षम राहू शकतात. बीजांडाचे आयुष्य मात्र एका दिवसाच्या आतबाहेरचे असते.

या विषमतेतून सर्वांत उपयुक्त निष्कर्ष निघतो. विल्कॉक्स, वाइनबर्ग व बेअर्ड यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील गर्भधारणेस उत्सुक अशा २२१ स्त्रियांच्या रोजच्या मूत्रनमुन्यांवरून अंडमोचनाचा दिवस ठरविला व मैथुनाच्या दिवसांशी त्याची सांगड घातली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्व गर्भधारणा अंडमोचनाचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस अशा सहा दिवसांतच घडलेल्या आढळल्या. पाच दिवस आधी झालेल्या मैथुनातून गर्भ राहण्याचा संभव सुमारे १० टक्के, तर अंडमोचनाच्या दिवशीच्या मैथुनातून सुमारे ३३ टक्के होता. दुसऱ्या दिवशी तो उरला नाही.

समजा, एका स्त्रीचे ऋतुचक्र नियमित ३२ दिवसांचे आहे. अंडमोचनापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ बहुधा १४ दिवसांच्या आसपास असतो, म्हणून तिचे अंडमोचन पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता सुमारे १८ व्या दिवशी होईल व फलदायी दिवस १३ वा ते १८ वा हे येतील. ‘चौदावा दिवस महत्त्वाचा’ एवढेच ऐकून हे जोडपे १० ते १२ या दिवसांत एकत्र आले आणि नंतर ‘बीज रुजू द्यावे’ म्हणून दूर राहिले, तर तिने प्रत्येक वेळी तासभर पाय उंच ठेवले तरी उपयोग नाही. नोकरीसाठी मुंबईत राहून महिन्यातून एकदा गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या घरी असेच घडू शकते. दोन दिवसांची सुट्टी सहा दिवसांच्या खिडकीबाहेर पडत राहते, वर्ष निघून जाते व दोष मात्र स्त्रीच्या ‘बीज न टिकण्या’ला दिला जातो. सुट्टीचे दिवस चार-पाच दिवसांनी पुढेमागे करणे हा येथे खरा उपाय होय. चक्र अनियमित असल्यास दिवस मोजण्यापेक्षा ताणल्यास तार धरणारा, बुळबुळीत स्राव दिसू लागल्यापासून एक दिवसाआड एकत्र येणे अधिक भरवशाचे आहे.

वीर्य ‘साठवून’ ठेवल्यास ते बलवान होते, ही कल्पनाही येथे आड येते. दोन-तीन दिवसांचा खंड ठीक. परंतु आठवड्याहून अधिक खंड पडल्यास शुक्राणूंची संख्या वाढली तरी त्यांत जुन्या, मंद व मृत शुक्राणूंचे प्रमाण वाढते. रोज मैथुन केल्याने निरोगी पुरुषाची जननक्षमता घटत नाही.

सुख, संमती व गर्भ : स्त्रीच्या कामपूर्तीच्या क्षणी गर्भाशय रेत आत शोषून घेते, असे एक मत होते. मास्टर्स व जॉन्सन यांनी क्ष-किरणांत दिसणारा द्रव ग्रीवेवरील टोपीत ठेवून याची परीक्षा केली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार तसे शोषण आढळले नाही. या मताचे परिणाम न्यायालयांपर्यंत पोहोचले होते. तेराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमधील कायदेग्रंथांत बलात्काराची तक्रार करणारी स्त्री गर्भवती राहिल्यास तिची संमती होती असे मानावे, असा दंडक आढळतो. गर्भाशयाच्या लाटा या हॉर्मोनांच्या अधीन असतात, इच्छेच्या नव्हेत. सुख किंवा संमती असो वा नसो, गर्भ राहू शकतो.

मुलगा-मुलगी : समरात्री मुलगा व विषमरात्री मुलगी, हा मनुस्मृतीत आलेला संकेत महाराष्ट्रात अजूनही पुष्कळांच्या तोंडी आहे. त्याला आधुनिक वेष १९६० नंतर अमेरिकेतील शेटल्स यांनी चढविला. वाय गुणसूत्र असलेले (मुलग्याचे) शुक्राणू हलके व वेगवान असतात, म्हणून अंडमोचनाच्या अगदी जवळ व ग्रीवेजवळ रेत पडेल अशा आसनात मैथुन केल्यास मुलगा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे संगणकाच्या साहाय्याने केलेल्या मापनांत दोन्ही प्रकारच्या शुक्राणूंच्या पोहण्यात असा फरक आढळला नाही आणि वर उल्लेखिलेल्या १९९५ च्या अभ्यासातही मैथुनाच्या दिवसाचा अपत्याच्या लिंगाशी संबंध दिसला नाही. कोणताही दिवस निवडला, तरी हा उपाय सुमारे निम्म्या वेळा ‘लागू’ पडतोच. त्याची कीर्ती टिकून राहण्याचे कारण तेच आहे.

तपासणी केव्हा करावी : नियमित मैथुन असूनही एका वर्षात गर्भधारणा न झाल्यास, स्त्रीचे वय ३५ हून अधिक असल्यास सहा महिन्यांनी, दोघांचीही तपासणी करून घ्यावी. पाळी फार अनियमित असल्यास किंवा पूर्वी ओटीपोटाचा क्षयरोग वा अन्य संसर्ग होऊन गेला असल्यास एवढीही वाट पाहू नये, कारण अंडवाहिनी बंद असल्यास शुक्राणू कितीही चपळ असले तरी बीजांडापर्यंत पोहोचत नाहीत. प्रथम करावयाची तपासणी रेताची होय. ती सोपी, स्वस्त व वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर स्वच्छ रुंद तोंडाच्या भांड्यात संपूर्ण रेत घेऊन ते तासाभरात तपासले जावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या निम्नतम संदर्भमूल्यांनुसार रेताचे आकारमान १·४ मिलि. व एकूण शुक्राणू ३·९ कोटी असतात. यापेक्षा कमी आकडा आला, तरी लगेच वंध्यत्व ठरत नाही. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात, कारण ताप येऊन गेल्यानंतर दोन-तीन महिने संख्या घटलेली राहू शकते. पुष्कळ घरांत पुरुष ही तपासणी टाळतो व स्त्रीच्या तपासण्या आणि नवस वर्षानुवर्षे चालू राहतात. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष एकमेव किंवा अंशतः कारणीभूत असतो.